‘हो, येत नाही’ आणि ‘नाही, येत नाही’: नळाच्या पाण्याची प्रश्नावली करताना

प्रश्न: मी एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला आहे. तालुक्यातल्या तीन गावांत नळपाणी योजनेबद्दल कुटुंबं किती समाधानी आहेत, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. १२० घरं घ्यायची आहेत. ४२ प्रश्न काढलेत, त्यातली २० विधानं ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ अशी आहेत. पहिला प्रश्न असा आहे: ‘आपणास नळाद्वारे पुरेसे, शुद्ध व नियमित पाणी मिळते का?’ गाईड म्हणाले, प्रश्न नीट नाहीत, आधी पायलट करा, म्हणजे थोड्या जणांवर करून बघा. प्रश्नात काय चुकतंय ते कसं ओळखायचं? स्केल पाचचं ठेवू की सातचं? पायलट किती जणांवर करायचा?

उत्तर:

तुमचा पहिलाच प्रश्न घेऊ या, कारण बाकीच्या बऱ्याच चुका त्यातच सापडतील.

समजा एका घरात पाणी रोज येतं, पण गढूळ येतं आणि चार हंडे भरले की धार बारीक होते. त्या घरच्या बाईंनी या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’? दारात उभ्या राहिलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून त्या काहीतरी एक म्हणतील. तुमच्या तक्त्यात ‘१’ पडेल आणि त्या १ चा अर्थ तुम्हाला पुढे कधीच लावता येणार नाही. ‘पुरेसे, शुद्ध व नियमित’ हे तीन प्रश्न आहेत. ते वेगळे करणं सोपं आहे. अवघड काम त्यानंतर सुरू होतं, कारण तिन्ही शब्द वेगवेगळ्या कारणांनी विचारण्याजोगे नाहीत.

उत्तर देताना माणसाच्या मनात चार गोष्टी घडतात. प्रश्न समजतो, त्याबद्दलचं काही आठवतं, आठवलेल्यावरून अंदाज बांधला जातो आणि शेवटी तो अंदाज तुम्ही दिलेल्या पर्यायांत बसवला जातो. प्रश्न फसतो तो यातल्या एखाद्या ठिकाणी. हे चार टप्पे लक्षात ठेवा, पायलटमध्ये हेच तपासायचं आहे.

‘शुद्ध’ हा शब्द पहिल्याच टप्प्यावर अडकतो. पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसत नाही, ते प्रयोगशाळेत कळतं. घरच्या बाईंना रंग, वास, चव आणि तळाशी बसणारा गाळ सांगता येतो. म्हणून तेवढंच विचारा: ‘गेल्या आठवड्यात नळाचं पाणी कधी गढूळ आलं का?’, ‘पाण्याला वास येत होता का?’ पिण्याआधी पाण्याचं काय करतात हे विचारताना ‘तुम्ही पाणी उकळून पिता का?’ असं मात्र विचारू नका. चांगलं उत्तर काय आहे हे प्रश्नातच सांगितलेलं आहे, त्यामुळे ‘हो’ जास्त येतील. मी असं विचारते: ‘आत्ता घरात प्यायला जे पाणी भरून ठेवलंय, त्याला भरताना काही केलं होतं का? काय केलं?’ मग फडक्याने गाळलं, तुरटी फिरवली, उकळलं, क्लोरीनचे थेंब टाकले, फिल्टर लावला, काहीच नाही, असे पर्याय माझ्या कागदावर असतात, पण ते वाचून दाखवायचे नाहीत. त्या सांगतील त्यावर खूण करायची. प्रश्न आजच्या एका भांड्याबद्दल आहे, त्यामुळे ‘आमच्याकडे कसं असतं’ असं शोभेसं उत्तर द्यायला फार जागा राहत नाही.

‘पुरेसे’ तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे अंदाजाशी अडतं. जिने वीस वर्षं विहिरीवरून डोक्यावर पाणी आणलंय, तिला दारातल्या नळाचं अर्धा तास येणारं पाणी भरपूर वाटेल. माहेरी शहरात चोवीस तास पाणी पाहिलेल्या सुनेला तेवढंच पाणी कमी वाटेल. दोघींचं उत्तर खरं आहे, पण ते पाण्याचं माप नाही. तुम्हाला दोन्ही हवं असेल तर दोन्ही स्वतंत्रपणे विचारा: आधी किती मिळालं, नंतर ते पुरलं का. जल जीवन मिशनचं प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर आहे, म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. पण ‘किती लिटर पाणी मिळतं?’ याला उत्तर नाही, कारण घरात कुणी लिटरमध्ये पाणी भरत नाही. ‘शेवटचं पाणी आलं तेव्हा कायकाय भरलं?’ असं विचारा आणि भांडी बघा. हंडा, कळशी, बादली, पिंप, टाकी, सगळं लिहून घ्या. हंडे एका मापाचे नसतात. गावात वापरात असलेली पाच-सहा भांडी आधीच एका लिटरच्या मापाने भरून मोजा आणि त्याचा तक्ता सोबत ठेवा. हंडा १५ लिटरचा निघाला तर २७५ लिटर म्हणजे दिवसाला अठरा-एकोणीस हंडे, आणि पाणी दिवसाआड येत असेल तर एका वेळी त्याच्या दुप्पट, हे एकदा समजलं की जागेवरच उत्तराचा अंदाज येतो. जिथे नळाची नळी थेट जमिनीखालच्या टाकीत सोडलेली असते तिथे हा हिशेब चालत नाही. तिथे टाकी किती भरली एवढंच विचारता येतं. ती घरं वेगळी नोंदवा, ओढूनताणून लिटर काढू नका.

‘नियमित’ आठवण्याच्या टप्प्यावर फसतं. ‘साधारण किती दिवसांनी पाणी येतं?’ असं विचारलं की लोक मनातल्या मनात सरासरी काढत नाहीत, ते गावात बोलला जाणारा आकडा सांगतात: ‘दिवसाआड.’ प्रत्यक्षात मोटार जळाली म्हणून गेल्या आठवड्यात चार दिवस पाणी नसेल, तरी उत्तर ‘दिवसाआड’च येतं. म्हणून शेवटच्या वेळेबद्दल विचारा: ‘नळाला शेवटचं पाणी कधी आलं?’

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती मला बरीच उशिरा समजली. तुम्ही कुठल्या दिवशी दार वाजवता यावर हे उत्तर ठरतं. पाणी चार दिवसांनी येत असेल तर कुणी ‘आजच’ म्हणेल, कुणी ‘तीन दिवस झाले’. या उत्तरांची सरासरी काढली तर खऱ्या अंतराच्या जवळपास निम्मा आकडा हाती येतो आणि योजना आहे त्यापेक्षा चांगली दिसते. उपाय साधा आहे. लगेच दुसरा प्रश्न विचारा: ‘त्याच्या आधी कधी आलं होतं?’ या दोन वेळांमधलं अंतर हा तुमचा आकडा. वारावरून आठवणं लोकांना तारखेपेक्षा सोपं जातं. ‘बाजाराच्या दिवशी आलं होतं का?’ असं विचारलं की चटकन आठवतं.

गावात पाणी सोडण्याचं वेळापत्रक एकच असतं, निदान आळीपुरतं. ते पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला एकदा विचारून लिहून घ्या. ज्या गोष्टीचं उत्तर गावाला एकच आहे ती ४० घरांत विचारून लोकांचा वेळ घेऊ नये. घरोघरी विचारायचं ते घरागणिक बदलणारं: शेवटच्या नळापर्यंत दाब पोचतो का, भरायला घरी कोण असतं, नाही मिळालं तर कुठून आणतात. पाण्याची नोंद उन्हाळ्यात केली की पावसाळ्यात, हेही अहवालात लिहा. मे महिन्यातलं समाधान आणि ऑगस्टमधलं समाधान एका तक्त्यात घालता येत नाही.

आता तुमची वीस विधानं.

आधी एक गैरसमज दूर करते. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत एकाच विषयावरच्या अनेक विधानांची होती. त्या सगळ्यांचे गुण मिळवून माणसाची वृत्ती मोजायची, अशी. एकट्या विधानापुढे पाच चौकटी काढल्या म्हणून ते लिकर्ट स्केल होत नाही. तुमची वीस विधानं दाब, चव, पाणीपट्टी, ग्रामपंचायतीचं वागणं अशा चार-पाच विषयांवर असतील, तर त्यांची बेरीज ही कशाचीच बेरीज नाही.

पण माझी मोठी तक्रार ‘सहमत-असहमत’ या साच्याबद्दल आहे, आणि मराठीत तो जास्तच घात करतो. गावात तोंडी बोलताना ‘सहमत’ कुणी म्हणत नाही. तुम्ही विधान वाचणार आणि समोरून ‘हो’ किंवा ‘नाही’ येणार. आता विधान जर नकारार्थी असेल, ‘पाणी वेळेवर येत नाही’, तर एक बाई म्हणतील, ‘हो, नाही येत.’ शेजारच्या म्हणतील, ‘नाही, येतच नाही.’ दोघी एकच सांगताहेत. पण विचारणारा घाईत असेल तर पहिलीचं ‘सहमत’ होतं आणि दुसरीचं ‘असहमत’. एकदा भरलेल्या फॉर्मांशी ध्वनिमुद्रणं ताडून बघताना मला हे सापडलं. अहवाल लिहायला घेतला होता, आणि त्या एका विधानाचा तक्ता काढून टाकावा लागला. त्यानंतर मी तोंडी मुलाखतीत नकारार्थी विधान कधीच घातलं नाही. पुस्तकात सांगतात की सगळ्यालाच ‘हो’ म्हणणाऱ्यांना पकडण्यासाठी निम्मी विधानं उलटी ठेवा. कागदावर स्वतः भरणाऱ्या शिकलेल्या माणसासाठी ते ठीक असेल. दारात उभं राहून विचारताना त्याने एक चूक झाकून दुसरी तयार होते.

आणि सगळ्याला ‘हो’ येतं हेही खरंच आहे. घरी आलेल्या माणसाचं बोलणं खोडायचं नाही ही आपली रीत. म्हणून विधान ठेवूच नका, ज्या गोष्टीबद्दल जाणून घ्यायचंय त्याच गोष्टीचे पर्याय द्या. ‘पाण्याचा दाब चांगला असतो: सहमत/असहमत’ याऐवजी ‘नळाची धार कशी असते: जोरात, मध्यम, बारीक की थेंबथेंब?’ असं विचारा. इथे नुसतं ‘हो’ म्हणून सुटका नाही, काहीतरी निवडावंच लागतं.

पाच की सात, या प्रश्नाचं उत्तर समोरचा वाचतोय की ऐकतोय यावर आहे. डोळ्यांपुढे कागद असेल तर सात पर्यायही झेपतात. नुसते ऐकून चारपेक्षा जास्त पर्याय लक्षात राहत नाहीत, शेवटी ऐकलेला किंवा मधला घेतला जातो. समाधान विचारायचंच असेल तर दोन पायऱ्यांत विचारा. ‘नळाच्या पाण्याबद्दल एकंदरीत तुम्ही समाधानी आहात, नाराज आहात, की दोन्ही नाही?’ आणि मग, ‘थोडे की खूप?’ पाच बिंदूंचीच मोजपट्टी झाली, पण ऐकणाऱ्याला एका वेळी तीन किंवा दोनच शब्द पेलायचे आहेत. मधल्या पर्यायाला ‘ठीक आहे’ हे नाव देऊ नका. ‘ठीक आहे’ हे आपल्याकडे विषय संपवण्याचं उत्तर आहे, त्यात समाधानही असतं आणि नाराजीही.

नुसते आकडे देऊन ‘१ ते ५ मध्ये गुण द्या’ असंही करू नका. १ म्हणजे सर्वांत वाईट असं तुम्ही ठरवता, पण ‘एक नंबर’ म्हणजे सर्वांत उत्तम हे इथे शेंबडं पोरही जाणतं. ‘पाणी कसं आहे?’ ‘एक नंबर!’ आणि तुम्ही १ लिहिता. आकडे फक्त तुमच्या नोंदीसाठी ठेवा, वाचून शब्दच दाखवा.

‘कधीकधी’, ‘बऱ्याचदा’, ‘क्वचित’ या शब्दांचं माप ज्याचं त्याच्याजवळ असतं. हे कसं बांधून घ्यायचं ते पाण्याच्याच एका प्रसिद्ध मोजपट्टीत छान दिसतं. घरगुती पाणी-असुरक्षितता मोजण्यासाठी अनेक देशांत तपासून केलेली एचवाइज नावाची १२ प्रश्नांची मोजपट्टी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात गेल्या चार आठवड्यांतल्या अनुभवांबद्दल विचारतात: पाण्याअभावी कपडे धुता आले नाहीत असं किती वेळा झालं, प्यायला हवं तेवढं पाणी नव्हतं असं किती वेळा झालं. पर्यायांना आकडे बांधलेले आहेत. कधीच नाही म्हणजे शून्य वेळा, क्वचित म्हणजे १-२ वेळा, कधीकधी म्हणजे ३ ते १०, बऱ्याचदा म्हणजे ११ ते २० आणि नेहमी म्हणजे २० पेक्षा जास्त. पहिल्या तिघांना गुण ०, १, २ आणि शेवटच्या दोन्हींना ३. बेरीज ० ते ३६, आणि १२ किंवा जास्त असेल तर ते कुटुंब पाण्याबाबत असुरक्षित धरतात. तुमच्या वीसपैकी बहुतेक विधानांऐवजी हे १२ प्रश्न घेतलेत तर तुमचे निष्कर्ष दुसऱ्या अभ्यासांशी ताडून बघता येतील. शब्द मात्र बदलू नका, चार आठवड्यांचं चार महिने करू नका, नाहीतर १२ च्या रेषेला अर्थ राहत नाही. मराठी करताना एकाने मराठीत आणावं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यावं, आणि दोन इंग्रजी मजकूर जिथे जुळत नाहीत तिथे मराठी दुरुस्त करावं.

राहता राहिला पायलट. तो दोन वेगळ्या खेपांत करा, कारण दोन्हींतून वेगळं कळतं.

पहिल्या खेपेला सहा-सात बायका पुरेत, पण त्या वेगवेगळ्या हव्यात: एक म्हातारी, एक नवी सून, एक गावाच्या शेवटच्या टोकाची, एक वस्तीवरची, एक न शिकलेली. इथे उत्तरं गोळा करायची नाहीत, उत्तर कसं तयार झालं ते ऐकायचं. दर प्रश्नानंतर विचारा: ‘हे तुम्ही कसं मोजलंत?’, ‘मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं.’ ‘समजलं का?’ असं विचारू नका, त्याला ‘हो’च येतं.

यातून काय निघतं त्याचा एक नमुना देते. आमच्या एका प्रश्नावलीत होतं: ‘तुमच्या घरात किती माणसं आहेत?’ एका आजींनी ‘अकरा’ सांगितलं. कसं मोजलं विचारल्यावर कळलं की त्यांनी पुण्याला नोकरीला असलेला मुलगा, त्याची बायको आणि दोन नातवंडंही धरली होती. घर म्हणजे कुटुंब, आणि मुलगा लांब गेला म्हणून काही घराबाहेर जात नाही. त्यांचं बरोबरच होतं. आमचा प्रश्न चुकला होता, आणि त्या चुकीने माणशी लिटर एक-तृतीयांशाहून थोडं जास्तच कमी दिसलं असतं. प्रश्न बदलून आम्ही ‘काल रात्री या घरात किती जण जेवले आणि झोपले?’ असा केला. मग दुसऱ्या एका घरी पाहुणे आलेले निघाले. तेव्हा लक्षात आलं की पाणीही त्यांनी वापरलंच होतं, म्हणजे पाण्याच्या हिशेबासाठी ते धरणंच योग्य. मात्र पाणी भरलं त्या दिवसाची माणसं आणि पाणी हे एकाच दिवसाचं हवं, म्हणून शेवटी दोन्ही प्रश्न ‘शेवटचं पाणी आलं त्या दिवशी’ला बांधले. एका प्रश्नाला तीन फेऱ्या लागल्या. हे नेहमीचं आहे, त्यात वेळ गेला असं समजू नका.

दुसरी खेप खऱ्यासारखी: १२ ते १५ घरं, पूर्ण प्रश्नावली, सुरुवातीच्या परवानगीपासून शेवटच्या आभारापर्यंत. ही घरं तुमच्या तीन गावांतली नकोत. तशीच योजना असलेलं चौथं गाव घ्या, म्हणजे प्रश्न आधीच गावभर होणार नाहीत. प्रत्येक घरी सुरू आणि संपल्याची वेळ लिहा. नळावर किंवा चुलीपाशी काम सोडून बोलणाऱ्या बाईंना २५ मिनिटांपेक्षा जास्त थांबवणं मला बरोबर वाटत नाही, आणि ४२ प्रश्न त्यात बसणार नाहीत. ओळख करून देताना तुम्ही कोण हे स्पष्ट सांगा आणि ‘मी पंचायतीकडून आलेले नाही, माझ्यामुळे नळ मिळणार किंवा तुटणार नाही’ हे वाक्य ठेवाच. ते नसेल तर काही घरी तक्रारी फुगतात आणि काही घरी अजिबात निघत नाहीत. मिळकतीचा प्रश्न शेवटी.

घरी आल्यावर १५ फॉर्म एकापुढे एक मांडा. ज्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर आहे तो १२० घरांतही तसाच येण्याची शक्यता मोठी आहे. पर्याय बारीक करता येतात का बघा, नाहीतर काढा. जिथे तीन-चार जणांनी ‘इतर’ सांगितलं तिथे तुमच्या यादीत गावचा एखादा नेहमीचा पर्याय राहिलाय. एका ठिकाणी आमच्या यादीत ‘शेजारच्याच्या बोअरवरून’ हा पर्याय राहून गेला होता. जो प्रश्न दोनदा वाचावा लागला त्याच्यासमोर त्याच वेळी फुली करून ठेवा, नंतर आठवत नाही. ‘माहीत नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘विचारायचं राहिलं’ यांना तीन वेगळे आकडे द्या. तिन्ही रिकामे सोडलेत तर नळ नसलेलं घर आणि तुम्ही विसरलेलं घर एकच दिसेल.

गाईड क्रॉनबाख अल्फा काढायला सांगतील, म्हणजे एकाच विषयावरच्या प्रश्नांची उत्तरं आपसात किती जुळतात ते सांगणारा आकडा. १५ जणांवर तो आकडा फार डळमळीत असतो, दोन फॉर्म इकडचे तिकडे झाले तरी बदलतो. काढा, पण त्याच्या भरवशावर प्रश्न ठेवू किंवा टाकू नका. तो निर्णय पहिल्या खेपेत ऐकलेल्यावरून घ्या, आणि अल्फा १२० घरं झाल्यावर पुन्हा काढा.

प्रश्न बदलल्यावर बदललेले तेवढे प्रश्न चार-पाच घरी परत विचारून बघा. पायलटची घरं मुख्य १२० मध्ये मिसळू नका. आणि हे सगळं गूगल फॉर्मवर करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा विचार असेल, तर तो सोडून द्या. गावाच्या ग्रुपवर फोन बहुधा पुरुषांच्या हातात असतो आणि पाणी भरतात बायका. फॉर्म तुम्ही स्वतः हातात धरून भरलात तर चालेल. तशा वेळी पर्यायांचे शब्द मोठ्या अक्षरात एका कार्डावर वेगळे घ्या, म्हणजे तुम्ही स्क्रीनकडे बघत असताना त्यांना वाचता येतील.

प्रबंधात पायलटचं प्रकरण लिहाल तेव्हा ‘पायलट करण्यात आला व योग्य ते बदल करण्यात आले’ एवढ्यावर सोडू नका. पहिली आणि शेवटची प्रश्नावली दोन्ही परिशिष्टात जोडा, आणि बदललेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कुणाच्या कुठल्या उत्तरामुळे तो बदलला ते, नाव न देता, एका ओळीत लिहा.